फ्लिप-फ्लॉपचा अनिर्णय: मेटास्टेबिलिटी आणि सिंक्रोनायझरची साखळी

डिजिटल सर्किटमध्ये प्रत्येक तार कोणत्याही क्षणी एकतर शून्य असते किंवा एक असते, असे गृहीत धरूनच पुढची सगळी रचना उभी राहते. परंतु तारेवरचा विद्युतदाब प्रत्यक्षात शून्यापासून पुरवठ्याच्या कमाल दाबापर्यंत अखंडपणे बदलत जाणारी राशी असल्यामुळे हे गृहीतक आपोआप खरे ठरत नाही, तर ते काटेकोर शिस्तीने खरे करून घ्यावे लागते. ही शिस्त क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक लयीत चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या एका सामाईक संकेताच्या, आधाराने पाळली जाते. क्लॉक चढण्याच्या नेमक्या क्षणी समोरचे मूल्य टिपून पुढच्या चढणीपर्यंत धरून ठेवणारा घटक म्हणजे फ्लिप-फ्लॉप. मूल्य नीट टिपले जावे यासाठी ते क्लॉक चढण्यापूर्वी काही काळ स्थिर असावे लागते, या काळाला सेटअप टाइम म्हणतात; आणि क्लॉक चढल्यानंतरही ते थोडा काळ स्थिर राहावे लागते, त्याला होल्ड टाइम म्हणतात. सर्किटचे सर्व भाग एकाच क्लॉकवर चालत असतील, तर प्रत्येक मार्गाला लागणारा वेळ आधी मोजून या दोन्ही अटी पाळल्या जातील याची खात्री करता येते.

अडचण सुरू होते ती बाहेरून येणाऱ्या संकेतापाशी. माणसाने दाबलेले बटण, दूरच्या यंत्राकडून आलेली तार, किंवा त्याच चिपमधल्या पण वेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या भागाने दिलेली सूचना, यांपैकी कोणालाही इथल्या क्लॉकची लय ठाऊक नसते. अशा संकेताला असिंक्रोनस म्हणतात. तो कधीही बदलू शकतो, म्हणून कधी ना कधी तो सेटअप आणि होल्ड यांच्यामधल्या निषिद्ध पट्ट्यातच बदलणार, हे टाळता येत नाही. तसे घडल्यावर फ्लिप-फ्लॉपच्या आत काय होते, हा या व्याख्यानाचा पहिला प्रश्न आहे, आणि त्यातून निर्माण होणारा धोका सहन करण्याइतका लहान कसा करता येतो, हा दुसरा.

फ्लिप-फ्लॉपच्या गाभ्यात दोन इन्व्हर्टर असतात. इन्व्हर्टर म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारा साधा घटक. पहिल्याचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट आणि दुसऱ्याचे आउटपुट पहिल्याचे इनपुट, अशी त्यांची फिरती जोडणी केलेली असते, आणि त्यामुळे पहिला एक व दुसरा शून्य, किंवा पहिला शून्य व दुसरा एक, अशा दोन अवस्था ते एकमेकांच्या आधाराने टिकवून धरू शकतात. क्लॉक चढण्यापूर्वी या जोडीचे दार उघडे असते आणि बाहेरचा दाब आत शिरत असतो. क्लॉक चढताच दार मिटते, बाहेरचा संबंध तुटतो आणि त्या क्षणी आत जो दाब उरला असेल त्यावरून जोडीने स्वतःच एका बाजूचा निर्णय घ्यायचा असतो. मात्र या दोन स्थिर अवस्थांखेरीज तिसरीही एक समतोल अवस्था त्या जोडणीत दडलेली असते. दोन्ही इन्व्हर्टरांची आउटपुटे पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर एकमेकांशी जुळलेली असतील, तर दोघांपैकी कोणालाही कोणत्याही बाजूला झुकण्याचे कारण उरत नाही. ही अवस्था अस्थिर समतोलाची आहे, आणि दार मिटताना संकेत नेमका बदलत असल्यामुळे जोडी तिच्या आसपास अडकून पडते, या घटनेला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब एक तर कोकणाकडे उतरतो किंवा देशाकडे, पण पाणलोटाच्या धारेच्या जितका जवळ तो पडेल तितका तो माथ्यावर अधिक काळ रेंगाळतो. फ्लिप-फ्लॉपमधली धारही तशीच अतिशय बारीक असते, आणि तिच्यापासूनचे अंतर कसे वाढत जाते हे गणिताने नेमके सांगता येते. समतोलाच्या जवळ प्रत्येक इन्व्हर्टर हा लहान फरक मोठा करणारा ॲम्प्लिफायर असतो. त्यामुळे जोडीच्या दोन टोकांच्या दाबांत सुरुवातीला जो फरक असेल तो फिरत्या जोडणीतून स्वतःलाच वाढवत नेतो आणि घातांकी गतीने मोठा होतो. हा फरक e पट, म्हणजे सुमारे 2.7 पट, होण्यासाठी लागणाऱ्या काळाला τ ही खूण वापरतात. ट्रान्झिस्टर जितका जोरकस आणि त्याच्यावरचे विद्युत्भाराचे ओझे जितके कमी, तितका τ लहान. सुरुवातीचा फरक मोठा असला तर निर्णय जवळजवळ लगेच होतो, तो अत्यल्प असला तर निर्णयाला अनेक τ इतका वेळ लागतो, आणि गणिती दृष्टीने पाहता तो नेमका शून्य असेल तर निर्णय होतच नाही. प्रत्यक्ष सर्किटमध्ये उष्णतेमुळे होणारा विद्युत्-गोंगाट सदैव असतो आणि तो समतोल मोडतोही, पण या गोंगाटाने धोका कमी होत नाही, कारण धारेवरून जितक्या अवस्थांना तो बाजूला ढकलतो तितक्याच इतर अवस्थांना तो धारेवर आणूनही ठेवतो.

अधिक कुशलतेने रचलेला फ्लिप-फ्लॉप या संकटातून सुटेल, अशी आशा एकेकाळी बाळगली जात होती, आणि ती सोडून द्यायला अभियंत्यांना बराच काळ लागला. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ऑसिलोस्कोपवर टिपलेली अशी आउटपुटे दाखवली की ती नेहमीच्या वेळेपेक्षा पुष्कळ उशिरा निर्णयाला पोहोचत होती, आणि त्यानंतर या घटनेचे अस्तित्व नाकारणे कठीण झाले. आशा व्यर्थ असण्याचे कारण सातत्यात आहे. संकेताच्या बदलाचा क्षण क्लॉकच्या तुलनेत थोडा थोडा पुढे सरकवत नेला, तर एका टोकाला निर्णय निश्चितपणे शून्य असतो आणि दुसऱ्या टोकाला निश्चितपणे एक. दार मिटतेवेळचा दाब या सरकण्याबरोबर अखंडपणे बदलत असल्यामुळे, मध्ये कुठेतरी तो नेमका धारेवर येणारच. मध्यम दाब ओळखून त्याला एका बाजूला ढकलणारे जास्तीचे सर्किट जोडले, तर ‘हा दाब मध्यम आहे की नाही’ हा नवा निर्णय त्या सर्किटला घ्यावा लागतो आणि त्याचीही स्वतःची धार असते. धार फक्त जागा बदलते. म्हणून मेटास्टेबिलिटीचे उच्चाटन हे ध्येय सोडून, ठरावीक वेळेत निर्णय न होण्याची शक्यता किती लहान करता येईल, हा प्रश्न विचारणे हीच या क्षेत्रातली खरी प्रगती होती, असे म्हणावे लागेल.

नुकसान कसे होते, हे नीट समजल्याशिवाय उपायाचे मोल कळत नाही. एक नियंत्रक आहे असे धरावे. त्याला ‘थांबा’ आणि ‘वाचा’ अशा दोन अवस्था आहेत आणि प्रत्येक अवस्थेसाठी एक स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप आहे, ज्यांपैकी कोणत्याही वेळी नेमका एकच चालू असायला हवा. बाहेरून येणारा ‘तयार’ हा संकेत शून्य असेल तर ‘थांबा’ चालू राहतो, एक झाला तर ‘थांबा’ बंद होऊन ‘वाचा’ चालू होतो. आता ‘तयार’ हा संकेत ज्या फ्लिप-फ्लॉपने टिपला त्याचे आउटपुट अर्ध्या दाबावर अडकले किंवा नेहमीपेक्षा उशिरा बदलले, तर त्याकडे पाहणाऱ्या दोन मार्गांपैकी एकाला ते एक वाटू शकते आणि दुसऱ्याला शून्य, कारण दोघांचे उंबरठे आणि दोघांपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे नसते. मग ‘थांबा’ बंद होतो पण ‘वाचा’ चालू होत नाही. दोन्ही फ्लिप-फ्लॉप शून्य झालेला हा नियंत्रक आता कोणत्याच अवस्थेत नाही, त्यातून बाहेर पडण्याचा नियम कोणी लिहिलेला नाही, आणि यंत्र रीसेट करेपर्यंत ते निश्चल राहते. संकेत थोडा आधी शून्य वाचला गेला काय किंवा एक वाचला गेला काय, नियंत्रकाचे काही बिघडले नसते. त्याच्या दोन भागांनी एकच गोष्ट वेगवेगळी वाचली, यात घात आहे. असा बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत नाही. सर्किटच्या नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये तो दिसत नाही, कारण तिथे फ्लिप-फ्लॉप क्षणात निर्णय घेतो असेच मानलेले असते. प्रयोगशाळेत तो दिवसचे दिवस उगवत नाही, आणि ग्राहकाकडे गेलेले यंत्र मात्र अधूनमधून कारणावाचून थांबते.

किती वेळा, हे मोजण्याचे सूत्र तीन पावलांत उभे राहते. फ्लिप-फ्लॉपला अडकवण्यासाठी संकेताचा बदल ज्या अरुंद वेळेत यावा लागतो तिला Tw म्हणावे. क्लॉक सेकंदाला fc वेळा चढत असेल, तर प्रत्येक सेकंदातला Tw × fc इतका भाग या धोकादायक वेळेने व्यापलेला असतो. संकेत सेकंदाला fd वेळा बदलत असेल, तर धोकादायक वेळेत पडणाऱ्या बदलांची संख्या सेकंदाला Tw × fc × fd इतकी होते. अडकलेल्या फ्लिप-फ्लॉपला सावरण्यासाठी t इतका वेळ दिला, तर त्या वेळानंतरही अडकून राहिलेल्यांचे प्रमाण e^(−t/τ) इतके उरते, कारण दर τ इतक्या काळात धारेजवळची अनिर्णित फट e पटीने आकसते. दोन बिघाडांमधला सरासरी काळ, ज्याला अभियंते एमटीबीएफ म्हणतात, तो यावरून असा मिळतो:

```
MTBF = e^(t/τ) / (Tw × fc × fd)
```

या सूत्रातील सारी शक्ती वरच्या घातांकात आहे. क्लॉक निम्मे मंद केले किंवा संकेताचे बदल निम्मे केले, तर खालच्या बाजूला दुपटीचाच फायदा होतो; सावरण्याचा वेळ दुप्पट केला, तर e^(t/τ) चा वर्ग होतो.

हा वेळ मिळवून देण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे सिंक्रोनायझरची साखळी: एकामागे एक जोडलेले, एकाच क्लॉकवर चालणारे आणि मध्ये कोणतेही तर्कसर्किट नसलेले दोन किंवा अधिक फ्लिप-फ्लॉप. पहिल्याने बाहेरचा संकेत टिपला आणि तो अडकला, तरी त्याच्याकडे पुढच्या चढणीपर्यंत कोणी पाहत नाही; त्या काळात तो बहुधा सावरतो आणि दुसरा फ्लिप-फ्लॉप स्वच्छ मूल्य उचलतो. साखळीचे काम इतकेच आहे. तिच्यातला कोणताही फ्लिप-फ्लॉप विशेष बुद्धिमान नसतो, ती केवळ मधला वेळ राखून ठेवते.

एका कठीण उदाहरणाने तिचा परिणाम पाहता येईल. क्लॉक 500 मेगाहर्ट्झचे, म्हणजे दोन चढणींत 2 नॅनोसेकंदांचे अंतर असलेले आहे, आणि येणारा संकेत सेकंदाला 5 कोटी वेळा बदलतो. Tw आणि τ दोन्ही 100 पिकोसेकंद मानले आहेत. आधुनिक प्रक्रियेने बनवलेल्या चिपमध्ये τ याहून बराच लहान असतो, पण हिशेब डोळ्यांसमोर राहण्यासाठी ही गोल संख्या सोयीची आहे. धोकादायक बदलांची संख्या सेकंदाला 25 लाख निघते. एकच फ्लिप-फ्लॉप वापरला आणि त्याच्यामागचे तर्कसर्किट सगळा उपलब्ध वेळ खाऊन टाकत असेल, तर सावरण्यासाठी काहीच वेळ उरत नाही आणि हे 25 लाख प्रसंग थेट पुढे जातात. दुसरा फ्लिप-फ्लॉप जोडल्यावर 2 नॅनोसेकंदांतून पहिल्याचे आउटपुट बाहेर येण्याचा वेळ, मधल्या तारेचा वेळ आणि दुसऱ्याचा सेटअप टाइम असे मिळून अर्धा नॅनोसेकंद वजा केला, तर सावरण्यासाठी 1.5 नॅनोसेकंद, म्हणजे 15 τ मिळतात. e चा पंधरावा घात सुमारे 32.7 लाख आहे, तेव्हा सरासरी 1.3 सेकंदाला एक बिघाड होईल. 25 लाखांवरून इथवर येणे ही मोठी उडी असली, तरी असे यंत्र अजून निरुपयोगीच आहे. ‘दोन फ्लिप-फ्लॉप लावले की झाले’ हा पाठांतराने चालत आलेला नियम हिशेब न करता वापरणाऱ्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे.

तिसरा फ्लिप-फ्लॉप जोडला की आणखी 1.5 नॅनोसेकंद मिळतात आणि बिघाडांमधला काळ पुन्हा 32.7 लाख पटींनी वाढून सुमारे 49 दिवस होतो. चौथा जोडल्यावर तो सुमारे 4.4 लाख वर्षांवर जातो. हा आकडा पाहून निश्चिंत होण्याचा मोह पडतो, परंतु सरासरी ही एकाच सिंक्रोनायझरची आहे. एका यंत्रात असे 100 सिंक्रोनायझर असतील आणि अशी 10,000 यंत्रे विकली गेली असतील, तर एकूण 10 लाख सिंक्रोनायझर कामावर असतात, आणि त्या सर्वांत मिळून कुठेतरी एक बिघाड होण्याचा सरासरी काळ 4.4 लाख वर्षांचा दहा लाखावा भाग, म्हणजे जेमतेम पाच महिने, इतका असतो. लाख वर्षे अभियंत्याला का पुरत नाहीत, याचे उत्तर या भागाकारात आहे. या सुरक्षिततेची किंमत मात्र उघड आहे: प्रत्येक जादा फ्लिप-फ्लॉप संकेताला क्लॉकच्या एका आवर्तनाने, इथे 2 नॅनोसेकंदांनी, उशीर करतो.

घातांक ज्या उदारतेने देतो त्याच उदारतेने काढूनही घेतो. चिपवर मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे फ्लिप-फ्लॉप एकाच साखळीचे आहेत हे कळले नाही, आणि त्याने त्यांतले दोन इतके दूर ठेवले की मधल्या तारेने अर्धा नॅनोसेकंद जास्त घेतला, तर सावरण्याचे 5 τ गेले. e चा पाचवा घात सुमारे 148 असल्यामुळे तीन फ्लिप-फ्लॉपांच्या साखळीचे 49 दिवस आठ तासांवर येतात. वेळेच्या नेहमीच्या तपासणीत ही चूक पकडली जात नाही, कारण तिथे मूल्य पुढच्या चढणीपूर्वी पोहोचते एवढेच पाहिले जाते, आणि तेवढे तर ते पोहोचतेच. म्हणून एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जोडणी करून घेता येणाऱ्या चिपवर, काम करताना या फ्लिप-फ्लॉपांना `ASYNC_REG` सारखी खूण देण्याची सोय काही साधनांत असते; तिच्यामुळे ते एकमेकांजवळ ठेवले जातात आणि साखळीची मोडतोड टळते. पुरवठ्याचा दाब आणि तापमान यांचाही परिणाम असाच होतो. अडकलेली जोडी निम्म्या दाबावर असते, आणि दाब कमी असताना तिथे ट्रान्झिस्टर जेमतेम सुरू होत असतो; आधुनिक बारीक प्रक्रियांत थंडीने ट्रान्झिस्टर सुरू होण्याचा उंबरठा वाढत असल्यामुळे कमी दाब आणि थंडी एकत्र आल्यावर τ सर्वांत मोठा होतो. वरच्या उदाहरणात τ केवळ 20 टक्क्यांनी वाढून 120 पिकोसेकंद झाला, तर चार फ्लिप-फ्लॉपांच्या साखळीची 4.4 लाख वर्षे सुमारे 245 वर्षांवर उतरतात.

त्यामुळे τ चे मूल्य अंदाजाने धरणे धोक्याचे असते आणि ते मोजण्याची एक सुंदर पद्धत रूढ आहे. परस्परांशी न जुळणारी दोन क्लॉक घेऊन एकाने फ्लिप-फ्लॉपला संकेत द्यायचा आणि दुसऱ्याने तो टिपायचा. मग त्याचे आउटपुट ठरावीक विलंबाने एकदा आणि पुरेशा उशिरा पुन्हा एकदा वाचून दोन्ही वाचने जुळत नसतील तितक्या वेळा मोजणीयंत्र पुढे सरकवायचे. पहिल्या वाचनाचा विलंब थोडा थोडा वाढवत नेल्यावर न जुळणाऱ्या प्रसंगांची संख्या घसरत जाते, आणि तिचा लॉगॅरिदम विलंबासमोर मांडला की बिंदू एका सरळ रेषेवर येतात. त्या रेषेच्या उतारावरून τ मिळतो. सेकंदाला हजारो प्रसंग असतात तिथे रेषेचा वरचा भाग काही मिनिटांत आखून होतो, आणि जी शेकडो वर्षे कोणीही वाट पाहू शकत नाही ती रेषा पुढे वाढवून वाचता येतात.

साखळी काय करत नाही, हेही स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. निषिद्ध पट्ट्यात पडलेला बदल या आवर्तनात टिपला जाईल की पुढच्या, हे ती ठरवू शकत नाही. तिच्या शेवटी येणारे मूल्य स्वच्छ असते, पण ते एका आवर्तनाने मागेपुढे होऊ शकते. एकाच तारेसाठी ही अनिश्चितता निरुपद्रवी आहे. अनेक तारांवरून एक संख्या येत असेल, तर तीच घातक ठरते. समजा, चार बिटांची मोजणी 0111 वरून 1000 वर जात आहे आणि प्रत्येक बिटाला स्वतंत्र, निर्दोष साखळी लावली आहे. चारही बिट एकाच वेळी बदलत असल्यामुळे प्रत्येक साखळी आपापल्या परीने जुने किंवा नवे मूल्य देईल आणि एका आवर्तनापुरती वाचणाऱ्याच्या हाती सोळांपैकी कोणतीही संख्या पडू शकेल, 1111 किंवा 0000 सुद्धा. इथे एकही साखळी चुकलेली नसते.

म्हणून दोन क्लॉकांमधल्या एफआयएफओ रांगेत, जिथे लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना आपापल्या जागेचा क्रमांक कळवत असतात, तो क्रमांक ग्रे कोडमध्ये पाठवतात. या संकेतपद्धतीत लागोपाठच्या दोन संख्यांत एकच बिट वेगळा असतो: सातासाठी 0100 आणि आठासाठी 1100. मग अनिश्चितता एकाच तारेवर उरते आणि वाचणाऱ्याला सात किंवा आठ यांपैकी एक मिळते, तिसरे काहीच नाही. जुना क्रमांक मिळाला तर रांग खरी आहे त्यापेक्षा थोडी भरलेली किंवा थोडी रिकामी वाटते, आणि दोन्ही बाजू फारतर एखादे आवर्तन जास्त थांबतात. हे संरक्षण मोजणी एकेका पावलाने चालत असेल तोवरच टिकते, आणि चारही तारांवरचे विलंब एकमेकांपासून फार वेगळे नसतील तोवरच. एका तारेवरचा बदल इतका मागे राहिला की त्याआधी पुढच्या पावलाचा बदल दुसऱ्या तारेवरून पोहोचला, तर वाचणाऱ्याला पुन्हा कधीच अस्तित्वात नसलेली संख्या दिसू शकते. जिथे संख्या उड्या मारत बदलते, तिथे सगळ्या तारा आधी स्थिर ठेवून ‘आता वाचा’ असा एकच संकेत साखळीतून पाठवावा लागतो, आणि ‘वाचले’ असे उत्तर दुसऱ्या साखळीतून परत येईपर्यंत त्या तारांना हात लावता येत नाही.